डोहाकाठचा पेला

दुसरी मोठी लढाई संपता संपता माझी बदली कर्जत तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यात झाली. हिवताप, विंचू, कोयत्याच्या जखमा, अडलेली बाळंतपणं, एवढ्याची मानसिक तयारी करून मी आलो होतो. बुडालेल्या माणसांबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. दवाखान्यामागे पत्र्याची एक शेड होती, तिथे शवविच्छेदन करायचं, आणि त्या शेडीत मी जेवढा उभा राहिलो तेवढा पुढच्या साऱ्या नोकरीत कुठे राहिलो नाही.

मला वाटायचं, माणसं पावसाळ्यात बुडत असतील. तसं नव्हतं. पूर आला की नदीला सगळे भितात, काठाला फिरकत नाहीत. माणसं बुडायची ती उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाणी निवळशंख असताना. धुळवड, जत्रा, लग्नाची वरात आल्याचा दुसरा दिवस. दुसऱ्या वर्षापासून मी भिंतीवरच्या पंचांगाकडे बघून हवालदाराला आधीच सांगून ठेवायला लागलो की परवा कुठे जाऊ नका. तो हसायचा. मग तो परवाचा दिवस यायचा आणि त्याला हसू यायचं नाही.

टेबलावर येणारे सगळे पुरुष, सगळे तरणेबांड, आणि जवळजवळ सगळे पट्टीचे पोहणारे. हे मला फार दिवस उमजत नव्हतं. नाकातोंडाशी पांढरा फेस, पाणी भरून फुगलेली फुप्फुसं, मुठीत शेवाळ, आणि पोट उघडलं की मोहाच्या दारूचा वास. नातेवाईक बाहेरून सांगायचे, डॉक्टर, हा तर लहानपणापासून डोहात सूर मारायचा, ह्याला कोणीतरी ओढलं. डोहात काहीतरी आहे. त्यांना काय सांगणार? जे होतं ते पोटात होतं. पण रडणाऱ्या बापाला दारूचं नाव सांगायचं धैर्य मला दर वेळी व्हायचं असं नाही. मी सही करून कागद हवालदाराच्या हातात द्यायचो आणि हात धुवायला जायचो.

बुडालेला माणूस सापडायचा तो एका माणसामुळे. भिवपुरीच्या खालच्या अंगाला नदीकाठी मासे धरून राहणारा, पन्नाशीला आलेला, काटक. चार-पाच गावांत कोणी बुडालं की पोलीस पाटील ह्याला बोलावणं धाडायचा. तो एक लांब बांबू घेऊन यायचा, डोहाच्या तळाला रोवायचा, वरचं टोक कोणाच्या तरी हातात द्यायचा आणि बांबू धरून खाली जायचा. एका हाताने बांबू, दुसऱ्याने चाचपणी. बांबू सोडला नाही तर वाट चुकत नाही, एवढं त्याचं शास्त्र. तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता. मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला सायेब म्हणायचा. तेव्हा तसंच चालायचं, आज लिहितानासुद्धा ते नीट वाटत नाही.

त्याने पाण्यात उतरायच्या आधी त्याला पेला द्यायचा, अशी त्या भागात रीत होती. मेलेल्याच्या घरचा कोणीतरी पितळी पेल्यात दारू ओतायचा आणि दोन्ही हातांनी पुढे करायचा. थंडी वाजू नये म्हणून, भीती मोडावी म्हणून, आणि मुख्य म्हणजे आमच्या माणसाला तू हात लावणार आहेस, त्याचा मान म्हणून. पेला नाकारणं म्हणजे मेलेल्याला नाकारणं. भिवपुरीच्या वीजघरातून नदीत सुटणारं पाणी घाटावरच्या धरणातलं, डोंगरातल्या नळांतून उतरलेलं, मार्चातसुद्धा गार. त्यामुळे ते थंडीचं कारण मला पटायचं. इतकं पटायचं की पहिल्या वर्षी दोनदा मी स्वतःच्या हाताने दवाखान्याच्या कपाटातली ब्रँडी त्याला दिली. आमच्या पुस्तकांत ब्रँडी उत्तेजक म्हणून दिलेली होती, आणि मी पुस्तकं पाठ केलेला माणूस.

माझं डोकं ठिकाणावर आणलं ते त्यानेच. तळपायाला काच लागली म्हणून तो दवाखान्यात आला होता. टाके घालताना मी सहज विचारलं की एवढे पोहणारे बुडतात कसे.  तो म्हणाला, "सायेब, प्यालेला माणूस वरडत नाय. लोकास्नी वाटतं मस्करी करतोय, आन् तो गपचूप खाली जातो."

मग एकेक सांगत गेला. प्यालं की पाणी गार लागतच नाही, उलट अंगात ऊब आल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस बाहेर यायचं तेव्हा येत नाही, आणि मग एकदम हातपाय लाकडासारखे होतात. दम संपत आल्याचं उशिरा कळतं. आणि खाली अंधारात वर कुठे नि खाली कुठे तेच उमगत नाही. हे शेवटचं त्याने स्वतःवरून सांगितलं. एकदा दोन पेले पोटात असताना तो तळालाच वर समजून पोहत होता, डोकं खडकावर आपटलं तेव्हा कळलं.

मी टाका अर्धवट ठेवून त्याच्याकडे बघत राहिलो. बाकीचं मला जोडता आलं. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, ऊब वाटते ती अंगातून निघून जाणारीच ऊब असते. तोल सांभाळणारा कान आधीच गुंगलेला. ठसका लागून पाणी बाहेर फेकायची घशाची सवय मंदावलेली. त्यावर गार पाण्याचा झटका बसला की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि आत ओढायला तिथे पाणीच असतं. मी दोन वर्षं प्रेतं चिरत होतो आणि हे मला मासे धरणाऱ्याने सांगावं लागलं.

मग तू घेतोस का, असं मी जरा चिडूनच विचारलं. नाही कसं म्हणणार, असं तो म्हणाला. समोर बाप उभा असतो, भाऊ उभा असतो. त्याने नको म्हटलं तर तो माजलेला ठरेल. पण मी म्हटलं तर सरकारी हुकूम होईल, कोणाला राग यायचा नाही. त्याने एवढंच मागितलं. पेला वर आल्यावर द्या, घरी द्या, पण आधी नको, एवढं मी काठावर सर्वांदेखत बोलावं. मी बोलेन असं म्हणालो. पायाला पट्टी बांधून त्याला लाकडी फाटकापर्यंत सोडायलाही गेलो.

त्याच वर्षीची धुळवड. कळंबकडच्या एका गावातला नवरा मुलगा, लग्नाला महिना झालेला, पैजेवर डोह पार करायला निघाला आणि मध्यावर दिसेनासा झाला. काठावरचे टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं बुडी मारली. मला निरोप आला तेव्हा सकाळपासूनचं दुसरं शवविच्छेदन मी नुकतं संपवलं होतं. पोटात अन्न नव्हतं, अंगाला वास येत होता. बैलगाडीत बसून तीन मैल गेलो. उन्हं कलली होती.

बांबू रोवून झाला होता. मुलाच्या सासऱ्याने पेला पुढे केला. म्हाताऱ्याने तो इतका काठोकाठ भरला होता की दारू मनगटावरून ओघळत होती. मासे धरणाऱ्याने पेला घेतला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

मला सगळं आठवत होतं. विसरलो असं म्हणायची सोय मला नाही. पण बोललो तर वाद होईल, म्हातारा रडेल, चारजण आवाज चढवतील, पाटील रीत समजावून सांगेल, आणि अंधार पडायच्या आत हे उरकणार नाही असं मला वाटलं. मी दमलो होतो. एका पेल्याने काय होतंय, हा तर रोजचा पाण्यातला माणूस, असंही वाटलं. म्हणजे जे सगळे नातेवाईक मला शेडीबाहेर सांगायचे, तेच. मी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसू लागलो.

त्याने पेला घेतला. सासऱ्याने पुन्हा भरला, तोही घेतला. मग मुलाच्या भावाने भरला. पहिल्या दोन बुड्या रिकाम्या गेल्या. तिसरीला वर आला तेव्हा ओठ निळे होते आणि तो हसत होता, गार नाही लागत म्हणाला. त्या वेळीही बोलता आलं असतं. चौथ्यांदा खाली गेला. बांबूचं टोक पाटलाच्या हातात होतं, ते थोडा वेळ हलत राहिलं. मग हलायचं थांबलं. पाटील म्हणाला, "ह्यानं बांबू सोडला." 

मासे धरणाऱ्याचा धाकटा भाऊ गर्दीतच होता. तो धोतराचा काचा मारून पुढे झाला, आणि पाटलाने सवयीने बाटली उचलून पेला भरला. मी म्हणालो, "त्याला दारू द्यायची नाही. पाण्यात उतरणाऱ्याला कोणीही दारू द्यायची नाही."

पाटलाने पेला जमिनीवर ओतला आणि बाटलीला बूच लावलं. वाद नाही, रडणं नाही, रीत समजावणं नाही. सगळे बाजूला झाले. इतकं सोपं होतं ते.

भाऊ बांबू न सोडता गेला आणि तिसऱ्या बुडीला थोरल्याला घेऊन आला. खडकाच्या कपारीत, डोकं तळाच्या बाजूला. मी त्याला पालथा घातला, मान वळवली, आणि पाठीवर दोन्ही हातांनी दाब देत राहिलो. दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. तासभर तरी केलं असेल. कंदील आले तेव्हा पाटलाने माझे हात धरून मला उठवलं. नवरा मुलगा तिसऱ्या दिवशी सकाळी आपणहून वर आला.

दोघांचं शवविच्छेदन मीच केलं. बुडून गुदमरल्याने मृत्यू, अपघाती, असं लिहिलं. दोन्ही कागदांवर अक्षर सारखंच आलं.

मासे धरणाऱ्याची बायको चौथ्या दिवशी दवाखान्यात आली. पायरीवर बसली, खुर्ची दिली तर नको म्हणाली. तिला भांडायचं नव्हतं. डाक्तर पेल्याला नाही म्हणणार आहेत असं तो घरी येऊन सांगत होता, खुशीत होता, असं ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुमी नाय म्हणला आसाल, सायेब. त्यानंच ऐकलं नसंल. त्याचा सोभाव मला ठावं."

मला तिला खरं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. बाहेर रोग्यांची रांग होती, आणि मी पुन्हा दमलेला होतो.

मी होय अशी मान हलवली. ती उठली, मला हात जोडले आणि गेली.