टाचेत नसलेला काटा

टाचेत नसलेला काटा काढायला मी सुईनं टाच कोरली आणि वरून गरम बिब्ब्याचा चटका दिला. चाळिशीला टेकले होते, पण अक्कल अजून वाटेतच होती.

झालं असं की, गेवराईत आमच्या घरी केबल आली आणि मला शहरातली दुकानं दिसली. आमच्या कापडदुकानात तेव्हा गादीवर बसून व्यवहार चाले. मी महिनाभर ह्यांच्या मागं लागून गादी उचलायला लावली आणि गुळगुळीत फरशी, काचेचं काउंटर करून घेतलं. काउंटरमागं मीच उभी राहायची, सकाळी दहा ते रात्री आठ. अनवाणी, कारण दुकान म्हणजे लक्ष्मी, तिथं चपला बाहेर, हा सासूबाईंचा नियम.

चार-पाच महिन्यांनी सकाळी उठून पाय टेकला की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायला लागलं. भिंत धरून न्हाणीपर्यंत जायचं, अन् चहा होईस्तोवर पाय बरा. काटाच असणार, असं मीच ठरवलं. बिब्ब्यानं एवढा फोड आला की पंधरा दिवस चवड्यावर चालले. फोड बरा झाला, खिळा तसाच. सासूबाईंना वाटे, सून सडा टाळायला लंगडते. त्यांचं तरी काय चुकलं? दहाच्या ठोक्याला मी टुणटुणीत.

शेवटी बीडला गेले. स्टँडपासून दवाखान्यापर्यंत चालत गेले, तर दुखणं वाटेतच गायब. आता डॉक्टरही नाटकी म्हणणार. पण त्यांनीच विचारलं, बराच वेळ बसून उठलं की परत दुखतं का? मग टाचेच्या खाली, आतल्या बाजूला अंगठा दाबला. मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट पाडला.

काटा नव्हताच. टाचेपासून बोटांकडं जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावला होता. रात्रभर तो आखडतो, पहिल्या पावलाला ताणला जातो, चालल्यावर सैल पडतो. कारणं त्यांनी मला बघूनच सांगितली: कडक फरशी, दिवसभर उभं राहणं, अनवाणी पाय, आणि वाढलेलं वजन. मी एक्स-रेचा फोटो काढायचा हट्ट धरला. त्यात हाडाला जरासं टोक दिसलं, मी खूश, सापडला काटा. ते म्हणाले, असं टोक न दुखणाऱ्यांनाही असतं. उठण्याआधी पायाची बोटं अंगाकडं ओढून धरा, पोटऱ्या ताणा, मऊ जाड चपला घाला. काही महिने लागतील.

चपला घेतल्या, पण दुकानात घालायची हिंमत नव्हती. आठ दिवस पिशवी काउंटरखाली. उभं राहवेना, पुन्हा गादी घालायची पाळी आली असती. शेवटी सासूबाईंनीच पिशवी ओढली. मी फरशीकडं बघत सगळं सांगून टाकलं. त्यांनी कोऱ्या चपलांचे तळ उलटून बघितले, रस्त्याची धूळ नाही याची खात्री केली, आणि माझ्या पायापुढं ठेवल्या.

"घाल. लक्ष्मीला मी सांगते समजावून. पण गिऱ्हाईकानं इचारलं तर खरं सांगायचं, फरशी तूच मागितलतीस म्हणून."