पाहुणा मिस्त्री

माझा नवरा फरश्या बसवतो. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात, मीही म्हणते. मी रागावले की जरा जोरात. आणि गेले काही महिने मी रागावलेलीच आहे.

या लोकांच्या धंद्यात एक खूळ आहे. बुटक्या स्टुलावर बसून फरशी लावणाऱ्याला ते ‘पाहुणा’ म्हणतात. खरा कारागीर म्हणे उकिडवाच बसतो. ही थट्टा सगळ्यात जास्त कुणी केली असेल, तर आमच्या मिस्त्रींनी.

एका मोठ्या हॉलचं काम होतं. कालवलेला सिमेंटचा माल सुकेल म्हणून दिवसभर उकिडवे बसून राहिले. संध्याकाळी उठले तर उजव्या पायाला मुंग्या. “जातील,” म्हणाले. सकाळी पाऊल जमिनीवर फटाफट आपटायला लागलं. पंजा वर उचलेचना, उंबऱ्याला अडखळून पडले. तसेच कामावर गेले, तर ठेकेदार म्हणाला, “सकाळीच दारू टाकून आलास?” हे कळल्यावर त्याच्या तोंडावर थापी फेकून मारावीशी वाटली मला.

घरी दीर, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, सर्वज्ञ. “नस सरकलीये,” म्हणत त्यांनी गुडघ्याखाली पट्टी करकचून आवळली. रोज आणखी घट्ट. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाची वरची बाजू पार बधिर झाली. अर्धांग तर नाही ना, या धास्तीने मी ह्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, “कंबर दुखते?” नाही. मग त्यांनी पाऊल हलवायला लावलं. तळवा आतल्या बाजूला वळायचा, तोही जोरात. बाहेर वळेना, वर येईना. गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाजवळ त्यांनी बोटाने टकटक केली, तशी मिस्त्रींच्या पावलापर्यंत झिणझिणी गेली.

“अर्धांग वगैरे नाही. या हाडाला वळसा घालून नस जाते, अगदी कातडीखालून. उकिडवं बसून ती चेपली. आणि वरून ही पट्टी कुणी बांधली?”

मी दिरांचं नाव काही चांगल्या शब्दांत घेतलं नाही.

“दाब थांबला तर बहुतेक सुधारेल, पण काही महिने जातील. तसंच बसत राहिलात तर पाऊल कायमचं लोंबकळेल.”

पंजा धरून ठेवणारा पट्टा मिळाला, व्यायाम मिळाले. उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. काम करायचं तर स्टूल घ्यायचं.

“स्टूल? त्यापेक्षा पाय गेला तरी चालेल,” मिस्त्री म्हणाले. त्या दिवशी मी घरात स्वयंपाक केला नाही.

तरी व्यायाम मी करून घेतले, ओरडून ओरडून. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, “वर करा.” पंजा थरथरत वर आला. मला रडू आवरेना.

बाहेर पडलो तर दारातच मिस्त्री उकिडवे! एक फरशी अंगठ्याने ठोकून बघत होते.

“अहो, उठा!”

“अगं, पोकळ आहे ही. कुणी बसवली असली?”

शेजारी शिपायाचं स्टूल होतं. मी ते दणकन ह्यांच्यापुढे आदळलं. दवाखान्यातली सगळी रांग बघत होती. मिस्त्रींनी मान खाली घातली, भिंतीला धरून उठले आणि हळूच स्टुलावर टेकले.

“बसा, पाहुणे,” मी म्हटलं. “आता बघा काय बघायचं ते.”