दीक्षाने बीए का भरलं

बारावी सायन्सला दीक्षाला ब्याण्णव टक्के पडले, तरी परदेशीपुऱ्यात बोभाटा झाला की पोरगी एका विषयात नापास होऊन सप्लीमेंटरीत अटकली. कारण एवढंच, की तिने कॉलेज प्रवेशाच्या ऑनलाइन काउन्सिलिंगमध्ये बीए भरलं होतं: इतिहास मेजर, राज्यशास्त्र मायनर. शेजारचे रत्नपालजी तर सांत्वनाला जिलेबी घेऊनच आले आणि बोलता बोलता स्वतःच खायला लागले.

"काका, मार्कशीट बघा!" दीक्षा वैतागली. "बीएला सायन्सवालाही चालतो, मेरिट बारावीच्या टक्क्यांवर लागतं. उलट आर्ट्सवाल्याला बीएससी मिळत नाही. मी घसरले नाही, विचार करून आलेय इकडे."

"अरे भिया, पण का?" रत्नपालजींनी विचारलं.

"फिजिक्सचा सवाल सुटला की माझा इंटरेस्ट खतम. पण आजोबा शाळा सोडून महूला फौजेत का भरती झाले, हा सवाल काही सुटत नाही."

रत्नपालजींची जिलेबी हातातच राहिली. कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या धोंडिबा आजोबांनी पेपर बाजूला ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"बैस, बेटा. माझी दोन्ही पोरं इंजिनीअर झाली, पण हे मला एकानेही विचारलं नाही."