दोन कार्डांचा रकाना

गहिनीनाथ आमच्यात सगळ्यांत मोठे, बहात्तर सालचा जन्म. जामखेडकडच्या एका गावात त्यांनी पंचवीस वर्षं दूध संकलन केंद्र सांभाळलं. बायको वारली, मुलगी लग्न होऊन दूर गेली, आणि ते संगमनेरला खोली घेऊन राहिले. आमची कंपनी म्हणजे एका बँकेच्या वरची दोन खोल्यांची जागा. आम्ही दूध केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. प्रोग्रॅम लिहिणारे तिघं, म्हणजे पुष्पावती, सहादेव आणि मी. आम्ही लिहिलेलं केंद्रावर नीट चालेल का, हे तपासायला गहिनीनाथ. दुधाचं फॅट मोजताना माणूस कुठे चुकतो, हे त्यांच्याइतकं आम्हा शहाण्यांना कुठून कळणार?

त्यांचं टेबल आतल्या खोलीत, खिडकीपाशी. डबा ते एकटेच खात. आम्ही कधी बोलावलं नाही. ते येणार नाहीत असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि त्याची मला आज लाज वाटते.

गेल्या वर्षी पुष्पावतीने भिंतीवर बोर्ड लावला. चार रकाने: करायचं, चालू, तपासणी, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. ‘चालू’वर तिने तीनचा आकडा लिहिला, ‘तपासणी’वर दोनचा. त्याहून जास्त कार्डं त्या रकान्यात ठेवायची नाहीत. तपासणीत दोन असतील तर आमचं लिहून झालेलं कार्डही ‘चालू’तच जागा अडवून बसणार, आणि ‘चालू’ भरलं की नवीन काम घ्यायचं नाही. मग ज्याचे हात मोकळे, त्याने आत जाऊन तपासणीला मदत करायची. कार्ड जितके दिवस एका रकान्यात राही, तितके पेन्सिलचे ठिपके त्यावर पडत.

तपासणी आठवड्यातून दोनदा तरी तुंबायचीच. मग आम्ही खुर्च्या ओढून त्यांच्या टेबलाशी बसायचो. ते खोट्या गवळ्यांची नावं घालून पावत्या काढायचे, आम्ही ताडून बघायचो. सहादेव त्यांची थट्टा करायचा, तेही करायचे. "तुमी लिवनारे लई हुशार," ते म्हणायचे, "पन म्हशीला तुमचा प्रोग्रॅम ठाऊक न्हाई." त्या दिवसांत ते दोन भाकऱ्या जास्त आणायचे. आज मदतीला कोणी येणार, हे त्यांना आधीच कसं कळायचं, असा प्रश्न आम्हाला पडलाच नाही.

पावसाळ्यात एका केंद्राच्या पावत्यांवर संध्याकाळच्या दुधाला सकाळची वेळ छापून यायला लागली. मी दुरुस्ती केली, मंगळवारी कार्ड तपासणीत गेलं. शुक्रवारी ते केंद्र सांभाळणाऱ्या बनुबाईंचा फोन आला. तीन दिवस त्या रोज दीडशे पावत्या हाताने लिहीत होत्या. मनगट सुजलं होतं. कार्ड ‘झालं’मध्ये गेल्याशिवाय आम्ही दुरुस्ती केंद्राला पाठवत नसू, आणि ते अजून तपासणीतच होतं. त्यावर तीन ठिपके.

पुष्पावतीने त्यांच्या टेबलाशी जाऊन विचारलं, "काका, यात काही अडलंय का?"

गहिनीनाथांनी चष्मा काढला. "न्हाई. मंगळवारीच झालं हुतं."

"मग सरकवलं का नाही?"

खोटं बोलणं त्यांना सहज जमलं असतं. आम्ही मानलंही असतं. "सरकवलं की जागा व्हते," ते म्हणाले. "जागा झाली की तुमी कोन येत न्हाई."

सहादेव बाहेर निघून गेला. पुष्पावतीने कार्ड उचलून ‘झालं’मध्ये लावलं आणि दुरुस्ती पाठवली. ती रागावली नाही. गहिनीनाथांनी स्वतः बनुबाईंना फोन करून "चूक माझी" असं सांगितलं.

त्यानंतर त्यांचा रकाना कधी भरला नाही. कार्ड येई, दुपारपर्यंत पुढे जाई. ठिपका पडायच्या आत. काम झपाट्याने सुटायला लागलं, केंद्रं खूश झाली. आतल्या खोलीत जायचं आम्हाला कारण उरलं नाही. डब्यात आता भाकऱ्या मोजक्याच असायच्या.

मला राहवेना. एका दुपारी तपासणीचा रकाना रिकामा असताना मी माझा डबा घेतला आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी घाईने आपला डबा बाजूला सारला, हात पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"द्या," ते म्हणाले. "कंचं कार्ड हाय?"

"कार्ड नाही, काका. जेवायला आलोय."

त्यांनी दाराबाहेरच्या बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात तसाच पुढे होता.