कोरडी खुंटी

माझी थोरली जाऊ दमली की बसत नाही, काम बदलते. वेत विणून बोटं आखडली की बांबू तासायला घेते, तासून पाठ धरली की पॉलिशचा ब्रश उचलते. "हात बदलला की तेवढाच आराम," म्हणते. मी तिला तोंडावर सांगते की ताई, याला आराम म्हणत नाहीत, याला घाण्याचा बैल म्हणतात. ती हसते आणि पुन्हा कामाला लागते. तिच्या हसण्यालाही अलीकडे जोर उरला नव्हता.

वेताच्या आणि बांबूच्या खुर्च्यांचं हे दुकान आमच्या सासऱ्यांचं. दोन मुलगे झाले, पण एकाच्याही हाताला वेत लागला नाही. माझे मोठे दीर वीज कार्यालयात चिकटले आणि माझा नवरा गाड्यांचे टायर विकतो. कला कुणाच्या हातात उतरली, तर थोरल्या सुनेच्या. लग्नानंतर मामंजींच्या शेजारी बसून ती शिकली, आणि त्यांचे गुडघे गेले तेव्हा सगळं दुकानच तिच्या अंगावर आलं. मी दुपारी जाऊन वॉर्निश मारते, गिऱ्हाइकांशी भांडते आणि मामंजींचं बोलणं तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून मध्ये मध्ये बडबडते. तिसरं काम सगळ्यात अवघड.

मामंजी दुकानाच्या तोंडाशी स्वतः बनवलेल्या आरामखुर्चीत बसून असतात. खुर्ची कुरकुरली की ते स्वतःच सांध्यात एखादी लाकडी खुंटी ठोकतात, कुणाला हात लावू देत नाहीत. आल्यागेल्याला सांगण्याचं त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माझ्या काळात एक खुर्ची कीड लागून परत आली नाही." आणि खुर्च्या तर परत येत होत्या. कधी शिक्षिकाबाईंचा झोपाळा, कधी खानावळीची बाकं. खाली पिवळट पांढरी भुकटी आणि सांधे खिळखिळे. एक आली की मामंजी सगळ्यांसमोर म्हणायचे, "मोठे, तुझ्या हाताला कीड लागलीय की काय?"

ताई हातातलं काम ठेवायची. खुर्ची आत न्यायची, न उघडता ढिल्या सांध्यांत पाचरी ठोकायची आणि फुकट परत पाठवायची.

तिच्या कामात मला तरी खोट दिसत नव्हती. बांबू आला की ती प्रत्येक पेराच्या आतला पडदा लांब सळईनं फोडते. नाहीतर औषध आत जातच नाही, बाहेरची साल बांबूला पाणी पिऊ देत नाही. मग तो मागच्या हौदात दगडाखाली दाबून भिजत ठेवते. त्यातली गोडी पाण्यात उतरते आणि पाणी असं घाण मारतं की शेजारीण खिडकी लावून घेते. कीड बांबूला नाही, बांबूतल्या त्या गोडीला येते. पाणी बदलत बदलत वास मेला की कोमट पाण्यात बोरिक पावडर आणि टाकणखार, म्हणजे किडीचं औषध, विरघळवून पुन्हा बुडवायचा. हातात रबरी मोजे, हौदावर झाकण, मुलांना आणि मांजराला तिकडे फिरकायची बंदी. शेवटी सावलीत वाळवायचा. वेताचंही तसंच. एवढं करून खुर्च्या परत! आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. कुठं चुकतंय तेच कळत नव्हतं.

त्यात आणखी एक गोष्ट होती. ती फक्त मला माहीत होती. मामंजी उठून बाहेर यायच्या आत ताई रोज त्यांच्या आरामखुर्चीखालची भुकटी ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. त्यांच्याही खुर्चीला कीड होती. मी एकदा तिला पुसताना पकडलं आणि माझं डोकंच फिरलं.

"ताई, ते तुम्हाला चारचौघांत नावं ठेवतात आणि तुम्ही त्यांची घाण पुसता? दाखवा ना एकदा!"

"अगं, काय मिळवायचं दाखवून? त्यांच्याकडं तेवढं एकच वाक्य उरलंय. तेही काढून घेऊ का?"

"आणि तुमच्याकडं काय उरलंय?"

यावर तिनं फडकं पिळलं. ती थकली होती, पण अंगानं नव्हे. ते तिच्या खांद्यांकडे बघून मला कळत होतं आणि त्याचा मला राग येत होता. तिचा, त्यांचा, सगळ्यांचाच.

मग दवाखान्याच्या खुर्च्या आल्या. दवाखान्याच्या बसायच्या खोलीसाठी ताईनं केलेला तो सगळा संच टेम्पोतून उतरला आणि त्याच्यामागून दवाखान्याचे व्यवस्थापक उतरले. एक म्हातारा रोगी बसल्या बसल्या खुर्चीसकट जमिनीवर आला होता. लागलं नव्हतं, पण व्यवस्थापकांचं तोंड असं होतं की लागलं असतं तर बरं, निदान रागाला जागा मिळाली असती. "दुसरीकडून घेतो. सगळ्यांना सांगतोही," म्हणाले.

त्या दिवशी ताई मागच्या खोलीत येऊन हौदाच्या काठावर बसली. चक्क बसली. मला म्हणाली, "बंद करते गं दुकान. लोकांना पाडणारी खुर्ची मला नाही करायची. कुणाचं हाड मोडण्याआधी थांबलेलं बरं." तिला दुसरं काहीच येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही.  माझी जीभ पहिल्यांदाच उपयोगी पडली नाही.

तेवढ्यात बाहेर धप्प आवाज झाला. मामंजी आपल्या खुर्चीची एक खुंटी ठोकायला गेले होते. हातोडीचं डोकं निखळून त्यांच्या पायाजवळ पडलं आणि त्यांच्या हातात अर्धा दांडा राहिला. दुसरा अर्धा फरशीवर. मोडलेल्या जागी लाकूड नव्हतंच, नुसतं पीठ. वरून गुळगुळीत, आतून पोखरलेला.

"बाजारातले दांडे असेच," मामंजी पुटपुटले. दांडा त्यांनीच केलेला होता, हे तेही जाणत होते.

ताईनं तुकडा उचलून उजेडात धरला. "हे सालीजवळचं पांढरं लाकूड आहे," ती म्हणाली. "तुकड्यांच्या पेटीतलं."

आमच्याकडे एक पेटी आहे. उरलेल्या बांबूचे, लाकडाचे तुकडे त्यात पडतात. त्यातून खुंट्या होतात, पाचरी होतात, हत्यारांचे दांडे होतात. या पेटीतलं काही कधी हौदात जात नाही. तो मामंजींचा नियम. खुंटी कोरडी हवी, तिला पाणी दाखवलं की फुगते, मग वाळली की आकसते आणि सांधा ढिला पडतो. ताईनं हा नियम शिकल्या दिवसापासून पाळला होता. मी तर तिला खुंटीवरून ओला हात फिरवायला निघालेल्या गिऱ्हाइकावर ओरडताना ऐकलंय.

ती टेम्पोतून उतरलेल्या एका खुर्चीपाशी गेली आणि सांध्यातली खुंटी चिमट्यानं ओढली. खुंटी आली, पण अर्धीच. बाकीची चिमट्यातच भुसभुशीत झाली. तिनं सळईनं भोक साफ केलं, आतल्या भिंतीवर नखानं टिचकी मारली. बांबू टणक होता, एक छिद्र नाही. दुसरी खुर्ची, तिसरी खुर्ची. सगळीकडे तेच. बांबू शाबूत, वेत शाबूत, खुंट्या पीठ.

व्यवस्थापक अजून दारातच घड्याळ बघत उभे होते. मामंजींना बाहेरच्या माणसासमोर राहवलं नाही. "बघताय ना?" ते त्यांना म्हणाले. "मी विकलेली एकही खुर्ची अशी आली नव्हती. या बाईच्या हाताखाली..."

माझा संयम तिथं सुटला. "मामंजी, तुमच्या बुडाखाली बघा! ताई रोज सकाळी तुमच्या खुर्चीखालचं पीठ पुसते म्हणून तुम्हाला दिसत नाही. तुमच्याच खुंट्या, तुमचाच नियम. शिव्या मात्र तिला!"

ताईनं माझं मनगट धरलं. उशीर झाला होता.

 मामंजींनी हात पुढे केला. "चिमटा दे, मोठे." तिनं दिला. खुर्चीच्या हाताची नवी ठोकलेली खुंटी त्यांनी स्वतः उपटली. तिच्यावर सुईनं टोचल्यासारखी भोकं होती. दोन बोटांत दाबली तर चुरा झाला. त्यांनी शेजारचा बांबू ठोकून पाहिला, त्याला कान लावला. हे असं कान लावणं ताईचंही आहे. आज मला कळलं, ते कुठून आलं.

"आमच्या वेळी बांबूवाला तळ्यात भिजवलेलाच माल आणायचा," ते अखेर म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "पेटीतले तुकडेसुद्धा भिजून वाळलेले असायचे. खुंटी कोरडी म्हणजे ती कोरडी. आता ट्रक भरून हिरवा बांबू येतो. तू भिजवतेस तो मोठा. तुकडे तसेच पडतात पेटीत, कच्चे." मग व्यवस्थापकांकडे वळले. "साहेब, बाईच्या कामात खोट नाही. खोट माझ्या नियमात आहे. तो मीच बदलायला हवा होता. खुर्च्या ठेवून जा. खुंट्या बदलून देते ती. मग दुसरीकडं जायचं तर जा."

व्यवस्थापकांनी ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "खुंट्या भिजवाव्या लागतील, आणि पूर्ण वाळल्याशिवाय मी ठोकणार नाही. घाई करायची असेल तर आत्ताच नेलेल्या बऱ्या." ते खुर्च्या ठेवून गेले.

मग आम्ही दोघींनी मागच्या अंगणात पेटी उलटी केली आणि तुकड्यांचा तो सगळा ढीग जाळला. खुर्च्यांतल्या किडक्या खुंट्याही त्यातच गेल्या. पेटीच्या कोपऱ्यांत ताईनं ब्रशनं औषध चोळलं. नवे तुकडे तिनं खुंट्या न तासता जाड ठेवले. आधी हौदात भिजायचे, मग खूप दिवस वाळायचे, आणि आकसायचं तेवढं आकसून झालं की मगच मापाला तासायचे. तासलेल्या टोकाला पुन्हा औषधाचा हात. खुंटी कोरडीच राहणार होती, फक्त आधी भिजून. मामंजी दारातून बघत होते. एकदाच म्हणाले, "असं चालेल." हातोडीला दांडाही तिनं औषध लावलेल्या, आतल्या गडद लाकडाचा बसवला.

मला राहवेना. मी आनंदानं नुसती उड्या मारायची बाकी होते. सासऱ्यांनी, बाहेरच्या माणसासमोर, तिच्यावरचा डाग धुऊन काढला होता! आणि ही बाई हौदावर वाकून काठीनं टाकणखार ढवळत होती, जसं काही घडलंच नाही.

"ताई, काहीतरी बोला की. खूश नाही का झालात?"

तिनं काठी थांबवली. मोजे घातलेल्या मनगटानं कपाळावरचे केस मागे सारले.

"झाले गं," ती म्हणाली. "पण हे त्यांनी आधी कधी म्हटलं असतं ना, तर खूश व्हायला अंगात त्राण होतं."