विकत घेतलेला बोनस

कापसाचा भाव पडला त्या वर्षी यवतमाळच्या एका कापूस व्यापाऱ्याची जुनी कार मी घेतली, आणि तिच्या पॉलिसीवर छापलेल्या पन्नास टक्के नो क्लेम बोनससाठी, म्हणजे विम्याच्या हप्त्यातल्या सवलतीसाठी, त्याला पाच हजार जास्तीचे मोजले. "पाच वर्षं एक क्लेम नाही घेतला मी. आता हा बोनस तुमचा," तो म्हणाला. चावी देताना त्याचे डोळे पाणावले होते. ते हसू दाबल्यामुळे, हे मला नंतर कळलं.

पॉलिसी नावावर करायला विमा एजंटकडे गेलो. त्यानं कागदावर बोट फिरवलं. "हे आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीले गेली तर मिळायची रक्कम. हे झिरो डेप, म्हणजे ठोकली तर पार्टांचा घसारा कापत नाही. हे गाडीचं झालं. पण बोनस माणसाचा असते, भाऊ. शेठजी तो आपल्या नव्या गाडीवर नेतीन. तुम्हाले उरलेल्या महिन्यांचा फरक भरा लागंन."

फरक भरून घरी आलो आणि सगळं सांगितलं. बायको उपासाची भगर निवडत होती.

"दुसऱ्याचं पुण्य आपल्याले लागत असतं," ती म्हणाली, "तर माह्या उपासांनी तुम्ही कवाच सुधरले असते."