एक जूनचे जन्म

सातपुड्यात त्या काळी सगळी मुलं एक जूनला जन्माला येत. बाकीचे अकरा महिने डोंगरातल्या बायका कशा थांबत असतील, हे आमच्या कचेरीतल्या कोणालाही कधी विचारावंसं वाटलं नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, बापाला तारीख ठाऊक नसायची, हेडमास्तर पोराच्या दातांकडे बघून साल ठरवायचा आणि तारीख एक जून टाकायचा. सरकारदरबारी तीच खरी जन्मतारीख. आई साक्षीला असली, तरी तिची साक्ष धरली जात नसे.

मी नंदुरबारच्या एका कचेरीत कारकून होतो. नंदुरबार तेव्हा तालुक्याचं गाव, जिल्हा धुळ्याचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. एका उन्हाळ्यात कारकुनांच्या परीक्षेचे अर्ज छाननीसाठी आमच्याकडे आले. जाहिरातीत लिहिलं होतं : एक जून रोजी वय अठराहून कमी व पंचवीसहून जास्त नसावे, अनुसूचित जाती-जमातींसाठी वरची मर्यादा पाच वर्षांनी शिथिल. म्हणजे तीस. अठराची अट मात्र सगळ्यांना सारखीच.

छाननी हेडक्लार्ककडे होती. ते पंचवीस वर्षं कचेरीत होते आणि त्यांना वजाबाकी येत होती, पण फक्त सालांची. चालू सालातून जन्माचं साल वजा करायचं, उरेल ते वय. महिने आणि दिवस ही त्यांच्या मते कामचुकार लोकांनी काढलेली भानगड होती.

"असं प्रत्येकाचे दिवस मोजत बसलो तर परीक्षा पुढच्या वर्षी होईल," ते म्हणत आणि पान लावत.

मी तेव्हा नवा होतो, त्यामुळे मान हलवण्याचं काम माझ्याकडे होतं.

नाकारलेल्यांना पोस्टकार्डं गेली आणि आठवड्याने काठी गावाकडच्या डोंगरातला एक तरुण दारात उभा राहिला. पायांवर धूळ, काखेत कापडात गुंडाळलेले कागद. वस्तीवरून पहाटे निघून तो आधी पायी आणि मग एसटीने आला होता. मॅट्रिक झाला होता, आश्रमशाळेत शिकवत होता, जमातीने पावरा. मराठी तो पुस्तकातल्यासारखी जपून बोलायचा, कारण घरी ती कोणी बोलत नसे.

"साहेब, माझा अर्ज वय जास्त म्हणून नाकारला आहे. मी एकोणतीस वर्षांचा आहे. जाहिरातीत आमच्यासाठी तीस लिहिले आहे."

हेडक्लार्कनी कागद शोधला. "तुमच्यासाठी म्हणजे कोणासाठी?"

"अनुसूचित जमातीसाठी. दाखला जोडला आहे."

"दाखल्यावर पावरा लिहिलंय." त्यांनी जमातींची छापील यादी 'प'वर उघडली आणि बोट पारधीवरून पुढे सरकवलं. "हे बघा. पारधी आहे, पटेलिया आहे, पोमला आहे. पावरा नाही. यादीत नाही म्हणजे तुम्ही सर्वसाधारण. सर्वसाधारणला पंचवीस. तुम्ही एकोणतीस. झालं?"

तो तरुण यादीकडे बघत राहिला. आपण डोंगरात जन्मलो, सगळ्या पिढ्या डोंगरात गेल्या, आणि कागदाने आपल्याला सपाटीवर आणून सोडलं, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"मग मी कोण आहे, साहेब?" त्याने विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला खरंच माहिती हवी होती.

"ते मी कसं सांगू?" हेडक्लार्क म्हणाले.

तो बाहेर ओट्यावर बसला, कारण परतीची गाडी दुपारी होती. हेडक्लार्क जेवायला घरी गेले. यादी टेबलावर उघडीच होती. मी धाडसाने वगैरे नाही, नुसता कंटाळून ती सुरुवातीपासून वाचायला लागलो. भिल्ल या नोंदीपाशी आलो तर तिच्या पोटात 'यात समाविष्ट' म्हणून पोटजमातींची मोठी रांग होती. तडवी, भिलाला, आणि वसावेच्या आधी, पावरा. इतकी वर्षं तो तिथेच होता, फक्त कोणी 'भ' उघडला नव्हता.

मी बाहेर जाऊन त्याला म्हटलं, "यादीत तुम्ही आहात. भिल्लांच्या नोंदीत आहात. एक अर्ज लिहून द्या, फेरतपासणीसाठी."

त्याने तिथेच मांडीवर अर्ज लिहिला. अक्षर आमच्या कचेरीतल्या कोणाहीपेक्षा चांगलं होतं.

मग मी चूक केली. म्हटलं, फेरतपासणीची टिपणी कचेरीच्या मोठ्या साहेबांकडे जाणार, तर तक्ता नीट करून जोडावा. वर्षं, महिने, दिवस. सगळ्या अर्जांची वयं एक जूनशी मोजली. पावरा तरुण : एकोणतीस वर्षं, शून्य महिने, शून्य दिवस. हेडमास्तरांच्या कृपेने इतकं गोल वय! पण मोजता मोजता कोरीट गावच्या एका शेतकऱ्याच्या मुलाचं वय निघालं पंचवीस वर्षं, तीन महिने, वीस दिवस. सालांच्या वजाबाकीने तो बरोबर पंचवीसचा होऊन पास झाला होता, आणि त्याला कसलीही सूट नव्हती.

साहेबांनी टिपणी वाचली. पावऱ्याचा अर्ज मंजूर आणि कोरीटच्या मुलाचा नामंजूर, अशी एकाच पानावर सही झाली.

दुसऱ्या आठवड्यात त्या मुलाचे वडील आले. शेतीवाडी असलेले, अंगात पांढरा शर्ट. हेडक्लार्कनी लगेच माझ्याकडे बोट केलं. सगळे नियम त्या दिवसापासून माझे झाले होते.

"मन्हा पोऱ्या तेवीसना शे," ते अहिराणीत म्हणाले. "खरं सांगस. मोठा भाऊनासंगे शाळात बसाडाना व्हता, म्हनीसन मास्तरले दोन वरीस वाढाई लिखाले सांगं. आते तुम्ही ते कमी करी द्या."

"काका, शाळेत दोन वर्षं वाढवून लिहिली असली, तरी मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर जी तारीख, तीच धरतात. शाळा सोडल्यावर आम्हाला ती बदलता येत नाही."

"म्हन्जे मी खोटं लिखाडं, ते खरं. आनि आते खरं सांगस, ते खोटं?"

"कचेरीत असंच आहे."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "पोऱ्याले काय सांगू?" मी त्यांना पाणी दिलं. ते पाणी पिऊन, टोपी डोक्यावर ठेवून निघाले. त्या दिवशी मला नियम बरोबर आल्याचा आनंद काही झाला नाही.

परीक्षा झाली. पावरा तरुण लेखीत वर आला आणि कारकून म्हणून डोंगराकडच्याच एका कचेरीत लागला. पुढे कधीतरी बाजारात भेटला तेव्हा त्याने सांगितलं की त्याची आई म्हणते, तो होळीनंतर थोड्याच दिवसांनी झाला, मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत, आणि ज्या साली झाला ते हेडमास्तरांनी लिहिलं त्याच्या दोन वर्षं पुढचं. म्हणजे तो मुळात सत्तावीसचा. तरी सर्वसाधारण धरला असता तर बाहेरच पडला असता. हे सांगताना तो हसला नाही, मीही हसलो नाही.

कोरीटच्या मुलाने बापाची शेती घेतली. पहिल्या वर्षी बापाशी बोलत नव्हता असं ऐकलं. नंतर बोलायला लागला असावा, कारण ऊस लावायचा तर दोघांनाही बांधावर उभं राहावं लागतं.

मला माझ्या अचूकपणाचं बक्षीस मिळालं. हेडक्लार्कनी साहेबांना सांगितलं की हा मुलगा बारीक काम फार छान करतो. मला आवक-जावकवर बसवलं. तिथे दिवसभर पाकिटांवर तारखेचा शिक्का मारायचा असतो, आणि कोणाचंही वय विचारायचं नसतं.